पॅकिंगच्या टेबलावर स्कॅनर लावला, तरी आगळाच्या जागी सरबत गेलं

सुरंगी

नमस्कार मंडळी. कुडाळजवळ आमचं कोकमाचं छोटं युनिट आहे. आगळ, सरबत, आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ आणि मालवणी मसाला, एवढाच माल. पॅकिंगला तिघीजणी आहेत. एरवी दिवसाला तीस-पस्तीस ऑर्डरी असतात, गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस मात्र नव्वदच्या वर जातात.

पूर्वी कागदावरची यादी बघून एकजण रॅकवरून माल क्रेटमध्ये काढायची आणि दुसरी खोक्यात भरायची. चुका व्हायच्या, म्हणून दिवाळीनंतर टेबलावर कॉम्प्युटर आणि स्कॅनर बसवला. आता यादीवरचा कोड स्कॅन केला की ती ऑर्डर स्क्रीनवर उघडते. मग एकेक वस्तू स्कॅन करायची. बरोबर असली की तिची ओळ हिरवी होते, ऑर्डरीत नसलेली वस्तू आली की लाल पट्टी येते आणि कर्कश आवाज होतो. सगळ्या ओळी हिरव्या झाल्याशिवाय ऑर्डर बंद होत नाही.

फरक खूप पडला, हे आधी सांगते. आमसुलांऐवजी आंबापोळी जाण्याचे प्रकार थांबले. पण गेल्या महिन्यात दोन तक्रारी आल्या आणि दोन्ही आगळाच्या. पुण्याच्या एका बाईंनी आगळाच्या तीन बाटल्या मागवल्या होत्या, त्यांना दोन आगळ आणि एक सरबत मिळालं. मुंबईच्या एकांनी दोन मागवल्या, त्यांना एक आगळ, एक सरबत. पुण्याच्या बाईंच्या यजमानांना मधुमेह आहे. आगळ म्हणून त्यांनी बाटली उघडली आणि सोलकढीत ओतल्यावर गोड लागलं तेव्हा कळलं. फोनवर त्या रागावल्या नाहीत, पण मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

आगळ आणि सरबत एकाच मापाच्या ५०० मिलीच्या बाटलीत भरतो, रंगही तोच. पण दोघांचे कोड वेगळे आहेत. आगळाचा 2000000000114 आणि सरबताचा 2000000000121. कॉम्प्युटरमध्ये बघितलं तर दोन्ही ऑर्डरी पूर्ण हिरव्या. तीनाला तीन, दोनाला दोन. मग सरबत खोक्यात गेलं कसं?

अनिकेत_दापोली

ताई, तुमचा कोडच घरगुती आहे, तिथेच गडबड आहे. बारकोडमध्ये वस्तूचं नाव, किंमत, एक्स्पायरी सगळं असतं. तुम्ही स्वतःच नंबर टाकलात तर मशीन काय ओळखणार? रीतसर जीएस-वन इंडियाकडून ८९० ने सुरू होणारे नंबर घ्या. मशीनला वस्तू कळली की चूक होणारच नाही. आणि प्रत्येक मापाला वेगळा नंबर ठेवा. आमच्याकडे पाव किलो आणि अर्धा किलो काजूला छपाईवाल्याने एकच कोड छापला होता, त्यात आम्ही चांगले पोळलो आहोत.

गोदामवाला

अनिकेत, मापागणिक वेगळा नंबर हा मुद्दा शंभर टक्के खरा. बाकीचं तसं नाही. दुकानातल्या मालावर असतो त्या तेरा आकडी बारकोडमध्ये नावही नसतं आणि किंमतही नसते. फक्त एक नंबर असतो. नाव, किंमत हे सगळं कॉम्प्युटरच्या यादीत त्या नंबरासमोर लिहिलेलं असतं. एक्स्पायरी तर या कोडात बसतच नाही. ८९० चा अर्थ एवढाच की तो नंबर भारतातल्या जीएस-वन संस्थेकडून घेतलेला आहे. दुकानांना किंवा मोठ्या ऑनलाइन बाजारांना माल द्यायचा असेल तर तो घ्यावा लागतो. स्वतःच्या टेबलावर तपासायला २ ने सुरू होणारा घरचा नंबर अगदी चालतो, तो आकडा अंतर्गत वापरासाठीच राखलेला आहे.

सुरंगीताई, मी चौदा वर्षं भिवंडीच्या गोदामांत पॅकिंगची लाइन सांभाळली, आता चिपळूणला परत आलो आहे. तुमचा प्रश्न फार नेहमीचा आहे. 'सगळं हिरवं' याचा अर्थ एवढाच असतो की आगळाचा स्टिकर तीन वेळा स्कॅनरसमोर आला. तीन बाटल्या आल्या, असा त्याचा अर्थ नाही. आणि त्या बाटल्यांत आगळ होतं, असा तर मुळीच नाही. या दोन वेगळ्या फटी आहेत. तुमचं सरबत कुठल्या फटीतून गेलं ते अंदाजाने ठरवू नका. दोन गोष्टी टाका. एक, दोन्ही ऑर्डरींच्या स्कॅनची वेळ, सेकंदासकट. दोन, गिऱ्हाइकाकडच्या सरबताच्या बाटलीचा फोटो, पुढचं लेबल आणि बारकोडचा स्टिकर दोन्ही दिसेल असा.

पेटीवाला

ओ सुरंगीताय, माका पण ह्याच व्हया होता. आमच्या आंब्याच्या पेटयो वाशीक जातत, वाटेत खयची पेटी खय गेली ता कळणा नाय. पेटीवर बारकोड लावलो तर गाडी खय आसा ता मोबाईलार दिसात काय?

गोदामवाला

पेटीवाले दादा, तो विषय वेगळा. बारकोड स्वतःहून कुठे आहे ते सांगत नाही. गाडीत चढवताना एकदा आणि वाशीला उतरवताना एकदा कुणीतरी स्कॅन केला तरच 'चढली', 'उतरली' एवढं कळतं. पेटीगणिक वेगळा नंबर लावून चढवताना मोजणी करायची असेल तर वेगळा धागा काढा, मी लिहीन. इथे ताईंचं आधी निस्तरूया.

पेटीवाला

बरां बरां. काढतंय.

सुरंगी

गोदामवाले दादा, सेकंदाची नोंद सॉफ्टवेअरमध्ये होती, मी कधी उघडूनच बघितली नव्हती. पुण्याच्या ऑर्डरीत तीन आगळ आणि एक आमसुलांचं पाकीट होतं. तिची नोंद अशी आहे:

```
11:42:07  2000000000114
11:42:08  2000000000114
11:42:08  2000000000114
11:42:15  2000000000237
```

आणि ही मुंबईची, दोन आगळाची:

```
16:10:31  2000000000114
16:10:36  2000000000114
```

फोटोसाठी दोघांनाही विचारलं आहे.

गोदामवाला

पहिली नोंद पुरेशी बोलकी आहे. टेबलावरची बाटली उचलायची, स्टिकर शोधून वळवायचा, स्कॅन करायचा, खोक्यात ठेवायची आणि दुसरी उचलायची, याला सरावलेल्या हातालाही तीन-चार सेकंद लागतात. इथे दोन सेकंदांच्या आत तीन स्कॅन झालेत. म्हणजे एकच बाटली हातात धरून तीनदा ट्रिगर दाबला आणि उरलेल्या दोन क्रेटमधून सरळ खोक्यात गेल्या. त्या दोनांतली एक सरबताची होती. क्रेटमध्ये ती कशी आली? आगळ आणि सरबत रॅकवर शेजारी असणार.

मुंबईची नोंद मात्र स्वच्छ आहे. पाच सेकंदांचं अंतर म्हणजे दोन बाटल्या दोनदा उचलल्या गेल्या, असं मी धरून चालेन. तिथे दुसरं काहीतरी आहे. फोटो येऊ दे.

घाटमाथा

पहिल्या केसचा उपाय सोपा आहे. नोंदीत कोणाच्या लॉगिनने स्कॅन झालं ते दिसतं ना? त्या बाईंना बोलवा, नोंद दाखवा आणि समज द्या. एकदा दोनशे रुपये कापले की पुन्हा होणार नाही.

माईची_लेक

कृपा करून असं करू नका. मी रत्नागिरीत एका मसाल्याच्या युनिटमध्ये पॅकिंगला आहे, सहा वर्षं झाली. मी स्वतः हे करत होते, म्हणून लिहिते.

आळस म्हणून कोणी एक बाटली तीनदा स्कॅन करत नाही. बाटली हातात घेतली, लाल रेघ मारली, आवाज नाही. जरा फिरवली, पुन्हा मारली, नाही. स्टिकरवर हात फिरवला, लांब धरली, जवळ धरली. चौथ्या वेळी लागतं. मागे खोकी साचलेली असतात, चार वाजता कुरिअरची गाडी येते. अशात एखादी बाटली पटकन वाचली गेली की हात आपोआप तीच पुन्हा धरतो. आमच्याकडे तर एक जुनी बरणी 'वाचणारी' म्हणून टेबलाच्या कोपऱ्यात ठेवलेली होती, सगळ्याजणी तिच्यावरच मारायच्या. सुपरवायझरला दीड महिना पत्ता नव्हता.

सुरंगीताई, तुमच्या बायकांना रागावण्याआधी एक तास स्वतः टेबलावर उभ्या राहा आणि बाटल्या स्कॅन करून बघा. किती वेळा पहिल्या फटक्यात लागतं ते मोजा.

गोदामवाला

माईच्या लेकीने नेमकं सांगितलं. वेगाने पुन्हा पुन्हा केलेलं स्कॅन हे बहुतेक वेळा न वाचणाऱ्या कोडाचं लक्षण असतं. ताई, वीस बाटल्या घ्या आणि त्यांनी सांगितलेली मोजणी करा. आणि स्टिकर बाटलीवर कसा लावता? म्हणजे बाटली उभी ठेवली की बारकोडच्या काळ्या पट्ट्या उभ्या दिसतात की आडव्या?

सुरंगी

माईची लेक, मनापासून आभार. काल दुपारी मी उभी राहिले. वीस बाटल्यांपैकी अकराच पहिल्या फटक्यात लागल्या. पाच दुसऱ्या-तिसऱ्या वेळी, आणि चार बाटल्यांना नंबर हाताने टाकावा लागला. हे मला आठ महिन्यांत एकीनेही सांगितलं नाही. मी विचारलंही नव्हतं. ज्यांच्या लॉगिनची ती नोंद आहे त्या आमच्याकडे सुरुवातीपासून आहेत. 'वहिनी, मला वाटलं मलाच नीट येत नाही,' असं म्हणाल्या.

दादा, पट्ट्या उभ्या दिसतात. स्टिकर बाटलीच्या पोटावर आडवा गुंडाळून लावतो.

गोदामवाला

मग तिथेच दुखणं आहे. हिशेब करून दाखवतो.

तेरा आकडी कोड पूर्ण मापाने छापला तर दोन्ही बाजूंची मोकळी पांढरी जागा धरून सुमारे ३७ मिलिमीटर रुंद होतो. तुमची ५०० मिलीची बाटली साधारण ६५ मिलिमीटर व्यासाची असेल, म्हणजे तिचा घेर २०४ मिलिमीटर. ३७ मिलिमीटरचा स्टिकर त्या घेरावर आडवा लावला की तो ६५ अंशांचा वळसा घेतो. मधल्या पट्ट्या स्कॅनरकडे बघत असतात आणि दोन्ही टोकांच्या पट्ट्या बाजूला वळलेल्या. स्कॅनरला त्या टोकाच्या पट्ट्या चेपलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. मधल्या बिंदूपासून कुठल्याही बाजूला तीस अंशांपेक्षा जास्त वळण नको, असा पाळायचा नियम आहे, म्हणजे एकूण साठ. तुम्ही जेमतेम पलीकडे आहात. म्हणून तर अर्ध्या बाटल्या लागतात आणि अर्ध्या लागत नाहीत. स्टिकर किंचित तिरका बसला, त्यावर घडी आली किंवा बाटली ओली असली की गेलं. लहान बाटलीत, समजा ५० मिलिमीटर व्यासाच्या, हाच वळसा ८५ अंशांवर जातो. तिथे तर नशिबानेच वाचेल.

उपाय फुकट आहे. तोच स्टिकर काटकोनात फिरवून लावा. बाटली उभी असताना पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक आडव्या दिसल्या पाहिजेत. मग प्रत्येक पट्टी वळली तरी चालते, कारण वाचायचं असतं ते पट्ट्यांच्या जाडीचं आणि मधल्या जागेचं माप, आणि ते माप आता बाटलीच्या सरळ उंचीवर येतं. कोड छोटा करून छापायचा मोह होईल, तो टाळा. साध्या स्टिकर-प्रिंटरवर लहान कोडाच्या पट्ट्या एकमेकींत मिसळतात आणि दुखणं एका जागेवरून दुसऱ्या जागी जातं.

तुमचा स्कॅनर एक लाल रेघ मारणारा आहे का? तर ती रेघ सगळ्या पट्ट्या कापत गेली पाहिजे, म्हणजे बाटली आडवी धरावी लागेल. त्याचाही फायदा करून घेता येतो. स्कॅनर स्टँडवर बसवा, सतत चालू ठेवा आणि बाटली त्याच्यासमोरून न्यायची. डाव्या हाताला क्रेट, मधे स्कॅनर, उजवीकडे खोकं. वस्तू स्कॅनरसमोरून गेल्याशिवाय खोक्यात पोचूच नये, अशी मांडणी. आणि स्कॅनरबरोबर आलेल्या पुस्तिकेत तोच कोड पुन्हा वाचण्यामधलं अंतर वाढवायचा एक कोड छापलेला असतो, त्यावर स्कॅन करून अंतर एक-दीड सेकंद करा. नाहीतर स्टँडसमोर बाटली जरा रेंगाळली की तीच दोनदा मोजली जाते. हे अंतर स्टँडवर सतत चालू असलेल्या स्कॅनरलाच कामाचं. हातात धरून ट्रिगर दाबला की प्रत्येक दाबाला नवीन वाचन होतं, तिथे त्याचा उपयोग नाही.

अनिकेत_दापोली

मग स्कॅनर कशाला, मोबाईलचा कॅमेरा सगळ्या दिशांनी वाचतो. फुकट ॲप आहेत. मी तसंच करतो.

गोदामवाला

दिवसाला दहा-वीस ऑर्डरी असतील तर जरूर. तुमचं चालतंय तर बदलू नका. पण एक हात मोबाईलमध्ये अडकतो, दर वेळी फोकस होईपर्यंत थांबावं लागतं आणि नव्वद ऑर्डरींच्या दिवशी तेच क्षण माणसाला आडवाटेला नेतात. चौकोनी कोडही वाचणारा कॅमेऱ्याचा स्कॅनर घेतलात तर बाटली कशीही धरा, चालतं. पण वळशाची अडचण त्यालाही आहे, स्टिकर फिरवावाच लागेल.

सुरंगी

शनिवारी स्टिकर फिरवून वीस बाटल्या केल्या. एकोणीस पहिल्या फटक्यात! विसाव्याच्या स्टिकरखाली हवेचा फुगा होता. कालपासून सगळी नवी भरणी तशीच करतोय आणि जुन्या सव्वाशे बाटल्यांवर नवे स्टिकर लावले. आगळ आता खालच्या रॅकवर आणि सरबत भिंतीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं आहे, मधे आमसुलांच्या पिशव्या. स्टँड मागवला आहे.

आता मुंबईची केस. फोटो आला आणि मी सुन्न झाले. पुढच्या छापील लेबलवर मोठ्या अक्षरांत 'कोकम सरबत' आहे आणि मागे आमचा पांढरा स्टिकर, त्यावर 2000000000114. म्हणजे सरबताच्या बाटलीवर आगळाचा स्टिकर!

गोदामवाला

ही ती दुसरी फट. स्कॅनरने कर्तव्य चोख केलं, त्याला दाखवला तो नंबर त्याने वाचला. शेवटचा आकडा चार होता, तोही गणितात बरोबर बसतो. कुणी म्हणेल की तो तपासणीचा आकडा चूक पकडतो ना? तो फक्त आकडा चुकीचा वाचला गेला किंवा हाताने टाकताना चुकला तर पकडतो. बाटलीत काय आहे हे त्याला ठाऊक नाही.

अशी एकच बाटली नसते, ताई. एक मिळाली म्हणजे त्या दिवसाच्या भरणीत आणखी असण्याची शक्यता धरा. आज रात्री त्या बॅचच्या उरलेल्या सगळ्या बाटल्या काढा आणि पुढचं लेबल व मागचा स्टिकर जुळतो का ते डोळ्यांनी बघा. उलटंही बघा, आगळावर सरबताचा स्टिकर. ती चूक टेबलावर लाल पट्टी देऊन थांबते, म्हणून तुम्हाला जाणवली नसेल. पॅकिंगवालीने 'हा स्टिकर खराब आहे' म्हणून दुसरी बाटली घेतली असेल.

आणि हे झालं कसं ते सांगा. स्टिकर कोण छापतं, कधी छापतं?

सुरंगी

तुम्ही म्हणालात तसंच निघालं. बॅचच्या एकसष्ट बाटल्या शिल्लक होत्या, त्यांत सरबताच्या पाच बाटल्यांवर आगळाचा स्टिकर मिळाला. उलटी एकही नाही. त्याच बॅचची बाटली ज्यांना गेली त्या सगळ्यांना आज सकाळपासून फोन करतेय. अजून दोघांकडे तशी बाटली निघाली, त्यांना आगळ पाठवलं.

स्टिकर माझा मुलगा रविवारी एकदम छापतो, दोन्हीचे, एकाच रोलवर. आधी दीडशे आगळ, पुढे दीडशे सरबत. त्या दिवशी आगळ १४२ बाटल्याच भरलं. उरलेले आठ स्टिकर रोलला तसेच राहिले आणि पुढच्या सरबताच्या बाटल्यांना लागले. आठ! पाच शिल्लक मिळाले, एक मुंबईला गेला, दोन आज सापडले. हिशेब जुळला तेव्हा मला पहिल्यांदा हायसं वाटलं.

स्टिकरवर नुसता कोड आणि आकडे असतात, नाव नसतं. लावणाऱ्या बाईला कळायला काही मार्गच नव्हता.

गोदामवाला

आठाला आठ जुळले, हे फार मोलाचं आहे. आता बाहेर काही राहिलेलं नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. असा हिशेब बहुतेकांना लागत नाही.

पुढे असं करा. स्टिकर भरणीच्या दिवशी, भरलेल्या बाटल्या मोजून तेवढेच छापा. एका वेळी एकच वस्तू टेबलावर. संपल्यावर उरलेला स्टिकर फाडून टाकायचा, जपून ठेवायचा नाही. बाटल्या १४२ आणि लागलेले स्टिकर १४२ हा आकडा वहीत. आणि स्टिकरवर नाव मोठ्या अक्षरांत छापा. कायमचा उपाय म्हणजे पुढचं लेबल पुन्हा छापून घ्याल तेव्हा कोड त्यातच घ्या. नाव आणि नंबर एकाच कागदावर असले की त्यांची ताटातूट होत नाही. फक्त छपाईवाल्याला पट्ट्यांची दिशा आधीच सांगा.

घाटमाथा

माझं आधीचं मत मागे घेतो. पण तुम्ही वजनाचा विचार केला का? सरबतात साखर, म्हणजे ते जड. खोकं वजनकाट्यावर ठेवलं की सरबत लगेच पकडलं जाईल. स्कॅनरचीही गरज नाही.

सुरंगी

आत्ताच तोलून बघितलं. आगळाची भरलेली बाटली ५७० ग्रॅम, सरबताची ६६५. फरक ९५ ग्रॅमचा. हे चांगलंच आहे की.

गोदामवाला

स्कॅनरच्या जागी नाही, त्याच्यानंतर म्हणून ठेवा. बाटल्यांची अदलाबदल आणि राहून गेलेली बाटली काटा नक्की पकडेल, स्टिकर चुकीचा असला तरी. कारण काट्याला स्टिकरशी देणंघेणं नाही. पण खोकं, आत भरलेला कागद आणि टेप यांचं वजन दर खोक्याला थोडं बदलतं, पावसाळ्यात पुठ्ठा दमट होऊन जड होतो. म्हणून तुम्हाला तीस-चाळीस ग्रॅमची सूट ठेवावीच लागेल. चार किलोच्या खोक्यात ५० ग्रॅम मसाल्याचं पाकीट कमी असलं तर ते त्या सुटीत जवळजवळ लपतं. आणि आंबापोळीऐवजी तेवढ्याच वजनाची फणसपोळी गेली तर काटा गप्प. ते स्कॅनरच पकडणार. दोघांच्या आंधळ्या जागा वेगळ्या आहेत म्हणून दोन्ही हवेत.

माईची_लेक

आमच्याकडे स्क्रीनवर वस्तूचा फोटोही येतो, हाताच्या पंजाएवढा. त्याचाही उपयोग होतो. आगळ-सरबतासारखं दिसायला सारखं असेल तर बुचाचा रंग बदलून टाका ना. आम्ही तिखटाच्या बरण्यांना लाल आणि गोड्या मसाल्याच्या बरण्यांना पिवळं झाकण केलं, तेव्हापासून रॅकवरूनच चूक होत नाही.

सुरंगी

बुचं! हे इतकं सोपं कसं सुचलं नाही. आगळाला पांढरं बुच मागवते.

अजून एक विचारायचं राहिलं. आमच्याकडे पावसात नेट दोन-दोन तास जातं. सॉफ्टवेअर बंद, मग बायका पुन्हा कागदावर खुणा करतात. तेव्हा काय करायचं?

गोदामवाला

स्कॅनर कॉम्प्युटरला कीबोर्डच वाटतो. आकडे टाइप करून एंटर मारतो, बस. तेव्हा नेट नसताना एक्सेलची शीट पुरते. दुसऱ्या ओळीपासून ऑर्डरीतले कोड A मध्ये, नाव B मध्ये, मागणीची संख्या C मध्ये. E2 मध्ये कर्सर ठेवून स्कॅन करत जायचं. D2 मध्ये हे टाका आणि खाली ओढा:

```
=IF(COUNTIF($E$2:$E$80,A2)=C2,"बरोबर","थांबा")
```

आणि नको असलेली वस्तू आली तर कळावं म्हणून F2 मध्ये हे टाका आणि F80 पर्यंत खाली ओढा:

```
=IF(E2="","",IF(COUNTIF($A$2:$A$20,E2)=0,"या ऑर्डरीत नाही",""))
```

A आणि E ला Number फॉरमॅट द्या, दशांश शून्य ठेवा आणि रकाने रुंद करा, नाहीतर तेरा आकडी नंबर 2E+12 असा दिसतो आणि बायका घाबरतात. ऑर्डर झाली की E पुसायचं. न पुसता पुढची सुरू केली तर आधीच्या बाटल्या मोजल्या जातील, एवढं एक सांभाळा. लॅपटॉपवर चालवलंत तर वीज गेली तरी चालेल.

अनिकेत_दापोली

हे मी आजच करून बघतो. आणि माझा एक प्रश्न. माझी दोन पार्सलं आपसात बदलली होती, दापोलीच्याच दोन गिऱ्हाइकांची. आतला माल स्कॅन करून अगदी बरोबर होता, पत्ते उलटे लागले. ते कसं टाळायचं?

गोदामवाला

पत्त्यांची लेबलं सकाळी एकगठ्ठा छापून टेबलावर ठेवता ना? ती पद्धत बंद करा. ऑर्डर पूर्ण हिरवी झाली की त्याच क्षणी तिचं एक लेबल छापून निघालं पाहिजे आणि टेबलावर तेव्हा एकच उघडं खोकं असलं पाहिजे. कुरिअरची लेबलं आधीच येत असतील तर खोकं बंद करताना त्यावरचा कुरिअरचा कोड शेवटी स्कॅन करायचा आणि तो त्याच ऑर्डरीचा आहे का हे जुळवायचं.

ताई, तुम्हाला एकच गोष्ट अजून सुचवतो. प्रत्येक बाटलीला वेगळा नंबर द्या. स्टिकर-प्रिंटर आपोआप वाढता आकडा छापतो. मग एकच बाटली दुसऱ्यांदा स्कॅन झाली की कॉम्प्युटर नकारच देईल, आणि कुठल्या बॅचची बाटली कोणाकडे गेली तेही कळेल. आज तुम्हाला जे फोन करावे लागले ते दोनच करावे लागले असते.

माईची_लेक

दादा, हे पटतं, पण हाताला काम वाढतं. आमच्याकडे करून बघितलं होतं. एक स्टिकर फाटला की तो नंबर रद्द करा, नवा छापा, वहीत लिहा. तीनजणींच्या युनिटला झेपेल का?

गोदामवाला

झेपायला जड आहे हे खरं. तरी खाण्याच्या वस्तूला बॅच कळणं मला महत्त्वाचं वाटतं. निदान बॅचचा नंबर तरी कोडात हवा, मग बाटलीगणिक नसला तरी चालेल. त्यासाठी चौकोनी कोड घेतलात तर कॅमेऱ्याचा स्कॅनर लागेल, तो खर्च आहेच.

सुरंगी

हे मला आज ठरवता येत नाही. गणपती झाल्यावर तिघींना बसवून विचारीन, कारण स्टिकर त्याच लावणार आहेत.

एवढं सांगते. स्टँड काल आला. आज बेचाळीस ऑर्डरी झाल्या, हाताने नंबर टाकायची वेळ एकदाच आली, आंबापोळीच्या चकचकीत पिशवीवर उजेड चमकत होता म्हणून. नोंद उघडून बघितली, दोन सेकंदांच्या आत तोच कोड पुन्हा आलेला एकही नाही. पुण्याच्या बाईंना तीन बाटल्या आगळ आणि आमसुलं पाठवली. खोकं मी स्वतः भरलं.

पेटीवाला

ताय, तुमचा आगळ माका पण दोन बाटली व्हया. पांढऱ्या बुचाचा.